एक वाक्य, दोन निकाल: ‘खियार-ए-मजलिस’च्या वादातून फिक्हचे मझहब कसे घडले

समजा, हिजरी १६० च्या आसपासचा, इराकमधल्या कूफा शहरातला बाजार आहे. दुकानदाराने रेशमी कापडाचा एक ठाण ४० दिरहमला देऊ केला. गिऱ्हाईक म्हणालं, "घेतला." पैसे अजून मोजायचे आहेत आणि दोघेही त्याच गादीवर बसलेले आहेत. तेवढ्यात शेजारचा व्यापारी बातमी घेऊन येतो की काफिला वाटेतच अडकलाय, असलं कापड आता ५० च्या खाली मिळायचं नाही. दुकानदाराचं मन फिरतं. "राहू दे, मला विकायचं नाही," तो म्हणतो. असं म्हणायचा त्याला हक्क आहे का?

फिक्ह म्हणजे इस्लामी कायदेशास्त्र आणि मझहब म्हणजे त्यातली एकेक परंपरा. त्यातलं हनफी फिक्ह म्हणतं, नाही. "दिला" आणि "घेतला" हे शब्द झाले की सौदा पक्का. मालिकी फिक्हही नाहीच म्हणतं. शाफई आणि हंबली मात्र हो म्हणतात. दोघे एकत्र आहेत तोवर कोणीही, कारण न देता, सौदा मोडू शकतो. या हक्काला ‘खियार-ए-मजलिस’ म्हणतात, म्हणजे बैठक मोडेपर्यंतचा पर्याय.

मझहब कसे घडले हे समजून घ्यायला इतका छोटा प्रश्न निवडण्याला कारण आहे. मतभेदांचं एक सोपं स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं: एका इमामाला अमुक हदीस, म्हणजे प्रेषितांच्या वचनाची नोंद, पोचली, दुसऱ्याला पोचली नाही. ते अनेक ठिकाणी खरंही आहे. इथे मात्र ते लागू पडत नाही, कारण हदीस सगळ्यांच्या हातात होती, शब्दही जवळपास तेच होते आणि ती अस्सल आहे याबद्दल वाद नव्हता. तरीही निकाल उलटसुलट लागले. म्हणजे फरक माहितीत नव्हता. पुरावा कशाला म्हणायचं, त्या प्रश्नावर वाट फुटली होती.

वाक्य आणि ते सांगणारा माणूस

मदीनेचे इमाम मालिक (मृ. हि. १७९ / इ.स. ७९५) यांच्या ‘मुवत्ता’मध्ये खरेदी-विक्रीच्या प्रकरणात ही हदीस आहे. मालिक ती नाफिअकडून सांगतात, नाफिअ अब्दुल्लाह इब्न उमरकडून आणि इब्न उमर प्रेषितांकडून. आशय असा: खरेदी-विक्री करणाऱ्या दोघांपैकी प्रत्येकाला, ते वेगळे होत नाहीत तोवर, दुसऱ्याच्या विरुद्ध पर्याय असतो, मुदतीच्या पर्यायाचा सौदा असेल तर गोष्ट वेगळी.

या सनदेला, म्हणजे सांगणाऱ्यांच्या साखळीला, हदीसवाले ‘सोन्याची साखळी’ म्हणतात. नाफिअ हे इब्न उमर यांचे मुक्त केलेले गुलाम, त्यांच्या घरात वावरलेले. मालिक नाफिअचे थेट शिष्य. दोनच दुवे, दोन्ही मदीनेचे. याहून भक्कम सनद दाखवणं अवघड आहे.

सगळा वाद ‘वेगळे होत नाहीत तोवर’ या शब्दांवर आहे. अरबी क्रियापद ‘तफर्रक’. वेगळे होणं म्हणजे अंगाने उठून जाणं, की बोलणं संपवून मोकळं होणं?

स्वतः इब्न उमर यांनी काय केलं हे नोंदलेलं आहे. एखादा सौदा मोडू नये असं त्यांना वाटलं की ते उठून थोडं चालून यायचे आणि परत बसायचे. यापेक्षा बोलकी गोष्ट खलिफा उस्मान यांच्याशी झालेल्या अदलाबदलीची आहे. इब्न उमर यांनी वादीतली, म्हणजे वादी-उल-कुराची, आपली जमीन दिली आणि उस्मान यांची खैबरची घेतली. बोलणं होताच इब्न उमर पाठ फिरवून घराबाहेर पडले, का तर उस्मान यांनी सौदा मागे घेऊ नये म्हणून. पुढे ते सांगतात की या व्यवहारात आपणच फायद्यात राहिलो असं त्यांना वाटलं: त्यांनी उस्मान यांना तीन रात्रींच्या वाटेइतकं समूदच्या मुलखाकडे ढकललं होतं आणि उस्मान यांनी त्यांना तितकंच मदीनेच्या जवळ आणलं होतं. हदीस ज्याने सांगितली तोच माणूस तिचा अर्थ पायांनी दाखवतोय. पुढे शाफईंच्या हातात हे मोठं हत्यार झालं.

मदीना: मालिकांची एक ओळ

मालिक हदीस पूर्ण सनदेसह देतात आणि लगेच स्वतःची एक ओळ जोडतात. तिचा आशय: याला आमच्याकडे ठरलेली मर्यादा नाही आणि याबाबत आमच्याकडे चालत आलेला व्यवहारही नाही.

ही ओळ नीट वाचायला हवी. मालिक हदीस खोटी म्हणत नाहीत. तसं असतं तर त्यांनी ती दिलीच नसती. त्यांचं म्हणणं असं की मदीना हे प्रेषितांचं शहर, इथे रोज हजारो सौदे होतात आणि पिढ्यानपिढ्या होत आलेत. बैठक मोडेपर्यंत सौदा कच्चा असतो, असा नियम खरोखर असता तर तो बाजारात दिसला असता. तो दिसत नाही. या चालत आलेल्या व्यवहाराला ‘अमल’ म्हणतात. मालिकांचे गुरू रबीआ (मृ. हि. १३६) यांच्या नावावर एक वचन सांगतात, की एकाने एकाकडून ऐकलेल्यापेक्षा हजारांनी हजारांकडून घेतलेलं मला अधिक पसंत. मालिकांची ओळ त्याच विचाराची आहे. इब्न उमर ते नाफिअ ते मालिक ही कितीही सोन्याची असली तरी एकेरी साखळी. अमल म्हणजे जाड दोरखंड.

‘ठरलेली मर्यादा नाही’ हा भाग व्यापाऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. दोघे किती वेळ बसतील याचा काही नेम नाही. पर्याय किती वेळ टिकणार हे माहीत नसेल तर सौदा अधांतरी राहतो आणि अनिश्चितता (अरबीत ‘घरर’) ही तर मालिकांची मुख्य धास्ती. मुदतीचा पर्याय, म्हणजे ‘दोन दिवसांत कळवतो’ असा स्पष्ट ठरवून घेतलेला, त्यांना मान्य आहे. पण त्याची मुदतही माल पाहून ठरते: कापडाला एक-दोन दिवस, घराला महिनाभर. माल पारखायला जेवढा वेळ लागतो तेवढी मुदत, हे त्यामागचं गणित. बैठकीच्या पर्यायाला असलं कुठलंच माप नाही.

मालिकांचं मत अधिक उघड शब्दांत मिळतं ते ‘मुदव्वना’मध्ये. कैरवानचे सहनून (मृ. हि. २४०) मालिकांचे शिष्य इब्न अल्-कासिम यांना प्रश्न विचारत जातात आणि उत्तरं लिहून घेतात. इथे उत्तर सरळ आहे: वेगळे झाले नसले तरी दोघांना पर्याय नाही, विक्री म्हणजे बोलणं, बोलण्याने ती ठरली की बांधली गेली. ‘मुवत्ता’तली सावध ओळ इथे नियम बनलेली दिसते. शिष्याने विचारल्यामुळे ती नियम बनली, हे ध्यानात ठेवावं. पुढे तेच लागणार आहे.

मालिकांच्या युक्तिवादात एक कच्चा दुवा आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. मदीनेत सगळे एकमताचे होते का? नव्हते. मदीनेचेच सईद इब्न अल्-मुसय्यब आणि इब्न शिहाब झुहरी या हदीसप्रमाणे चालावं असं सांगत, अशा नोंदी आहेत. मालिकांचे समकालीन मदीनावासी इब्न अबी झिअब (मृ. हि. १५९) तर इतके भडकले की मालिकांना तौबा करायला लावावी असं म्हणाले. अहमद इब्न हंबल यांनी हे सांगताना मालिकांची बाजूही सांभाळली: मालिकांनी हदीस धुडकावली नाही, तिचा वेगळा अर्थ लावला. म्हणजे ‘मदीनेचा अमल’ हा सगळ्या शहराचा निकाल नव्हता. मदीनेतल्या काही विद्वानांनी ‘हाच आपला अमल’ असं ठरवलं होतं. अमल हा पुरावा म्हणून पुढे आला की पहिला प्रश्न हाच विचारावा: कोणाचा अमल?

कूफा: शब्दांनी वेगळं होणं

कूफ्याची परंपरा इब्राहीम नखई (मृ. हि. ९६), त्यांचे शिष्य हम्माद (मृ. हि. १२०) आणि हम्मादांचे शिष्य अबू हनीफा (मृ. हि. १५०) अशी येते. अबू हनीफा स्वतः रेशमी कापडाचे व्यापारी होते. सौदा कुठल्या क्षणी बांधतो हा त्यांच्यासाठी निव्वळ पोथीतला प्रश्न नव्हता.

विरोधकांनी त्यांच्या तोंडची एक शेरेबाजी जपून ठेवली आहे: "आणि ते दोघे जहाजात असले तर?" जहाज किनाऱ्याला लागेपर्यंत कोणी वेगळं होऊच शकत नाही, मग सौदा तोवर कच्चाच का? हदीसचा अवमान म्हणून हे वाक्य सांगितलं जातं. पण टोमणा बाजूला ठेवला तर हा मालिकांचाच आक्षेप आहे: मर्यादा कुठे आहे?

कूफ्याचं उत्तर मात्र मालिकांपेक्षा वेगळं आहे. अमल नाही असं ते म्हणत नाहीत. ते म्हणतात, हदीस आम्ही मानतो, अर्थ असा. याचा लेखी पुरावा मुहम्मद शैबानी (मृ. हि. १८९) यांनी ठेवला. अबू हनीफांचे हे शिष्य मदीनेला जाऊन तीनेक वर्षं मालिकांकडे शिकले आणि त्यांनी ‘मुवत्ता’ची स्वतःची प्रत तयार केली. प्रत्येक हदीसखाली ते कूफ्याचं मत लिहितात. या हदीसखाली लिहिलंय की आम्ही हीच स्वीकारतो आणि इब्राहीम नखईंकडून आमच्यापर्यंत आलेला तिचा अर्थ असा: दोघे विक्रीच्या बोलण्यातून वेगळे होत नाहीत तोवर पर्याय. विकणारा "तुला विकलं" म्हणाला की, समोरचा "घेतलं" म्हणत नाही तोवर, विकणारा मागे फिरू शकतो आणि घेणाराही घ्यायचं की नाही ते ठरवू शकतो. दोन्ही शब्द झाले की बोलणं संपलं, दोघे ‘वेगळे’ झाले.

म्हणजे हनफींकडेही बैठकीचा पर्याय आहे, फक्त तो एक पायरी अलीकडे आहे. देकार आणि स्वीकार यांच्या मध्ये. देकार बैठकीपुरता जिवंत असतो. स्वीकार येण्याआधी कोणी उठून गेलं तर देकार विझतो. याला ‘खियार-ए-कबूल’ म्हणतात. आपल्या कूफ्याच्या दुकानदाराला मागे फिरायचं होतं तर गिऱ्हाइकाच्या "घेतला"च्या आधी फिरायला हवं होतं.

बाजूने कुराणही आणलं गेलं. ‘करार पाळा’ (५:१) आणि ‘आपसातल्या राजीखुशीचा व्यापार’ (४:२९) या वचनांवरून राजीखुशी झाली की करार पुरा, असा युक्तिवाद झाला. नवरा-बायको ‘वेगळे झाले तर’ (४:१३०) इथे तेच क्रियापद तलाकसाठी आलंय आणि तलाक शब्दाने होतो, उठून जाण्याने नव्हे, हा दाखला तर फार हुशारीचा.

शाफई: पुरावा कशाला म्हणायचं

मुहम्मद इब्न इद्रीस शाफई (जन्म हि. १५०, मृत्यू हि. २०४ / इ.स. ८२०, फुस्तात) मालिकांकडे शिकले, नंतर इराकात शैबानींकडे कूफ्याची फिक्ह वाचली आणि अखेरची वर्षं मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, काढली. दोन्ही घरं आतून पाहिल्यामुळे दोन्हींची दुखरी नस त्यांना ठाऊक होती.

कूफ्याला त्यांनी भाषेवरून धरलं. हदीसमध्ये शब्द आहे ‘मुतबायिआन’, खरेदी-विक्री करणारे दोघे. "घेतलं" म्हणण्याआधी ते नुसते भाव करणारे असतात आणि त्यासाठी अरबीत वेगळा शब्द आहे. भाव करणाऱ्याला माघार घेता येते हे पोरालाही कळतं. ते सांगायला हदीस कशाला हवी? म्हणून पर्याय हा सौदा ठरल्यानंतरचाच असला पाहिजे. हा मुद्दा मोडून काढणं हनफींना अखेरपर्यंत जड गेलं, असं आमचं मत आहे.

दुसरा दाखला नाणी बदलण्याच्या प्रकरणातला. मालिक इब्न औस यांना १०० दीनार मोडून दिरहम घ्यायचे होते. तल्हा इब्न उबैदुल्लाह यांनी दीनार हातात घेऊन फिरवून पाहिले आणि म्हणाले, आमचा खजिनदार घाबाहून येऊ दे, मग देतो. खलिफा उमर ऐकत होते. त्यांनी बजावलं: पैसे हातात पडेपर्यंत त्याच्यापासून वेगळा होऊ नकोस. इथे ‘वेगळा होणं’ म्हणजे अंगानेच, यात कूफ्यालाही शंका नाही. नाणी बदलताना दोघांनी जागा सोडण्याआधी देणंघेणं पुरं व्हावं हे सगळेच मानतात. मग एकाच खरेदी-विक्रीच्या प्रकरणात तोच शब्द एका ठिकाणी अंगाने आणि दुसऱ्या ठिकाणी जिभेने कसा?

आपल्या जुन्या गुरूंना, मालिकांना, दिलेलं उत्तर अधिक मूलभूत होतं. विश्वासू माणसाने विश्वासू माणसाकडून प्रेषितांपर्यंत पोचवलेली खबर एकेरी असली तरी बांधणारी आहे. ती खरी ठरायला कुठल्या शहराच्या व्यवहाराची सही लागत नाही. व्यवहार प्रेषितांच्या शब्दाने तपासायचा, शब्द व्यवहाराने नव्हे. मालिकांच्या मतांवरच्या त्यांच्या स्वतंत्र प्रकरणात तक्रारीचा सूर हाच आहे: तुम्हीच हदीस सांगता आणि तुम्हीच सोडता आणि ‘अमल’ म्हणजे नक्की काय हे विचारलं की उत्तर सापडत नाही.

इथे फिक्हची दिशा वळते. मालिक आणि अबू हनीफा यांच्यासाठी हदीस हा अनेक साक्षीदारांपैकी एक होता, मानाचा पण एकटा नव्हे. शाफईंनी कुराणानंतर तिला वेगळ्याच पायरीवर बसवलं आणि मग उरलेल्यांना त्याच मैदानात उतरून वाद घालावा लागला. हे मतभेदांवरून नव्हे, वाद घालण्याच्या बदललेल्या रीतीवरून ओळखता येतं, आणि त्याचा सर्वात चांगला नमुना हनफींच्या बाजूलाच सापडतो.

शिष्यांनी केलेलं काम

इमाम गेले तेव्हा मझहब नव्हते. होत्या त्या उत्तरांच्या वह्या, शिष्यमंडळं आणि शहरांच्या सवयी. मझहब हे पुढच्या तीन-चार पिढ्यांनी घडवले आणि ते कसे घडवले हे याच हदीसवर हनफींनी केलेल्या कामात दिसतं.

शैबानींनी नखईंचा अर्थ दिला: शब्दांनी वेगळं होणं. त्यांचे शिष्य ईसा इब्न अबान (मृ. हि. २२१) यांनी शाफईंचा भाषेचा हल्ला ओळखून वेगळी वाट काढली. ते म्हणाले, बरं, वेगळं होणं अंगानेच धरा. पण पर्याय आहे तो देकार ऐकणाऱ्याचा: "हजार दिरहमला विकलं" असं ऐकलं की समोरचा माणूस निघून जाईपर्यंत त्याला स्वीकारायची मुभा. तो निघाला की मुभा संपली. नियम तोच राहिला, सौदा शब्दांनीच बांधला जातो. त्याच्याखालचा खांब मात्र बदलला.

त्यानंतर मिसरचे तहावी (मृ. हि. ३२१ / इ.स. ९३३) येतात. ते शाफईंचे थोर शिष्य मुझनी यांचे भाचे. मामाकडे शिकून नंतर हनफी झालेले. समोरच्या घरातून आलेला माणूस. त्यांनी दोन्ही अर्थ शेजारी मांडले आणि तिसरा पुरावा आणला तोही हदीसच्या मैदानातला. इब्न उमर यांचंच एक वचन त्यांनी काढलं: सौद्याच्या वेळी जनावर जिवंत असेल तर त्यानंतरची जोखीम घेणाऱ्याची. म्हणजे, तहावी म्हणतात, इब्न उमर यांच्या मते माल शब्दानेच घेणाऱ्याचा झाला होता. त्यांचं उठून चालणं ही निव्वळ खबरदारी असू शकते. मूळ वचनातला सौद्यासाठीचा शब्द ‘सफ्का’ आहे, शब्दशः टाळी. हातावर हात मारला की सौदा झाला, हे गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.

नियम एक आणि त्याचे खांब तीन, तेही तीन वेगळ्या पिढ्यांचे. नियमाने पुरावा शोधला की पुराव्याने नियम? प्रामाणिक उत्तर असं की पहिल्या पिढीत दोन्ही गुंतलेले होते आणि तिसऱ्या पिढीपर्यंत नियम आधी ठरलेला होता. विद्वानाचं काम तो नियम मांडणं, त्याची हद्द आखणं आणि विरोधकाच्याच हत्यारांनी त्याचा बचाव करणं हे झालं. मझहब म्हणतात ते यालाच.

बाकी घरांतही हेच घडलं, साधनं वेगळी. शाफईंचं बोलणं रबीअ मुरादी (मृ. हि. २७०) यांनी पोचवलं आणि मुझनींनी (मृ. हि. २६४) त्याचा संक्षेप केला, बगदादमध्ये इब्न सुरैज (मृ. हि. ३०६) यांनी त्या संक्षेपाभोवती शिकवण्याची शिस्त बसवली. मालिकांसाठी हे काम सहनूनच्या प्रश्नोत्तरांनी केलं. अहमद इब्न हंबल (मृ. हि. २४१) यांना आपली मतं लिहून ठेवली जाणं पसंत नव्हतं; तरी खल्लाल (मृ. हि. ३११) यांनी त्यांच्या शिष्यांकडून आणि शिष्यांच्या शिष्यांकडून उत्तरं गोळा केली, म्हणून हंबली मझहब उभा राहिला. उलट, लैस इब्न साद हे मिसरचे विद्वान मालिकांच्या तोडीचे मानले जात. अमलवरून त्यांनी मालिकांशी पत्राने वादही घातला. स्वतः शाफईंचा शेरा सांगतात की लैस मालिकांपेक्षा मोठे फकीह, म्हणजे फिक्हचे जाणकार, पण शिष्यांनी त्यांना वाया घालवलं. लैसचा मझहब नाही.

वाचताना कुठे चूक होते

पहिली चूक म्हणजे नंतरच्या ग्रंथातला पुरावा आधीच्या इमामाच्या तोंडी घालणं. तलाकच्या वचनाचा दाखला वाचून ‘अबू हनीफा असं म्हणाले’ असं लिहिलं जातं. नियम त्यांचा असेल, दाखला बहुधा पुढच्यांचा असतो. ओळखायची खूण सोपी आहे: दाखला समोरच्या आक्षेपाला नेमकं उत्तर देत असेल, तर तो आक्षेप निघाल्यानंतरचा आहे.

दुसरी चूक, मझहब आणि त्यातला प्रत्येक विद्वान एकच समजणं. स्पेनमधल्या कुर्तुबाचे मालिकी विद्वान इब्न अब्दुल बर्र (मृ. हि. ४६३) यांनी या हदीसवर पानंच्या पानं लिहिली. हदीसच्या अस्सलपणावर विद्वानांचं एकमत आहे आणि मालिक, अबू हनीफा व त्यांचे अनुयायी सोडले तर तिच्या विरुद्ध गेलेला दुसरा कोणी आपल्याला माहीत नाही, असं त्यांनी नोंदवलं. सईद इब्न अल्-मुसय्यब आणि झुहरी यांच्यामुळे ‘मदीनेचं एकमत’ हा दावा टिकत नाही हा आक्षेपही नोंदवला. इतकं सगळं एका मालिकीने लिहिलं, आणि मझहबचा नियम जागचा हलला नाही. मझहब हा तोवर एका माणसाच्या पुराव्यापेक्षा जड झाला होता.

बाजारात याचं काय होतं

शाफई नियम स्वीकारला की जहाजाचा प्रश्न सोडवावाच लागतो आणि त्यांनी तो सोडवला. वेगळं होणं म्हणजे काय हे लोकव्यवहारावर सोडलं. मोठ्या घरात एका खोलीतून अंगणात गेलं तरी पुरे. लहान घरात बाहेर पडावं लागतं. उघड्या बाजारात पाठ फिरवून थोडी पावलं चाललं की झालं. जहाजात खालून वरच्या मजल्यावर गेलं तरी चालतं. दोघे बरोबर चालत निघाले तर मात्र पर्याय संपत नाही, मग वाट कितीही लांब असो. ताटकळायचं नसेल तर सरळ तोड आहे: एकाने दुसऱ्याला म्हणायचं, "निवड." दोघांनी सौदा कायम ठेवला की बैठक चालू असतानाही पर्याय संपतो. एकानेच कायम केला तर फक्त त्याचा हक्क जातो. मालिकांनी ‘मर्यादा नाही’ म्हटलं होतं. शाफईंच्या शिष्यपरंपरेने ती पावलांत आणि खोल्यांत मोजून दिली.

आपल्या दुकानदाराला शाफई काझी मिळाला तर ठाण परत दुकानात. कूफ्याचा हनफी काझी मिळाला तर ४० दिरहम घ्या आणि कापड द्या. कोकणातले मुसलमान परंपरेने शाफई, माहीमचे मखदूम अली महायमी त्याच परंपरेतले. देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी. तेव्हा हा फरक रत्नागिरीत आणि औरंगाबादेत शिकवल्या जाणाऱ्या फिक्हमध्ये आजही आहे. कोर्टात मात्र नाही, कारण मालाच्या विक्रीला तिथे १९३० चा कायदा लागतो आणि तो खरेदीदाराचा धर्म विचारत नाही.

फोनवर सौदा झाला तर बैठक कुठली, असा प्रश्न आता विचारला जातो. त्याच्या जवळचा प्रश्न दमास्कसचे शाफई विद्वान नववी (मृ. हि. ६७६ / इ.स. १२७७) यांनी हाताळून ठेवलाय: दोन माणसं लांबवर उभी राहून एकमेकांना हाका मारत सौदा करतात, तेव्हा काय? सौदा होतो, ते सांगतात. आणि दोघांपैकी एक जण आपल्या जागेवरून हलेपर्यंत पर्याय चालू राहतो.